दानेश्वरीच्या दारातला मोर

दानेश्वरीच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. लिंगायताचं घर. आई रत्नव्वा लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. त्या घरात एका पावसाळ्यात मोराची चार अंडी आली, आणि ती दानेश्वरीनं आणली.

गाव बसरकट्टी. गडहिंग्लजपासून संकेश्वरच्या बाजूला, उसात बुडालेलं. उसाच्या बांधावर गवत कापताना बायकांना ती अंडी सापडली होती. लांडोर उठून गेली ती परत आली नाही. शेजारच्या बिबीजानकडं खुडूक कोंबडी बसली होती. तिच्या अंड्यांत ही सरकवून दिली. पण कोंबडीची अंडी तीन आठवड्यांत फुटतात, मोराची आठवडाभर उशिरा. कोंबडीची पिल्लं निघाली. कोंबडी त्यांना घेऊन उकिरड्यावर गेली. मोराची अंडी खुराड्यात तशीच राहिली.

"आता टाकायची की काय," बिबीजान म्हणाली.

दानेश्वरीनं हात लावून बघितलं. अंडी कोमट होती. तिनं ती पदरात घेतली.

तिच्याकडं शिलाई मशीन होतं. मशीनखाली चिंध्यांचं खोकं. तिनं त्यात अंडी ठेवली आणि वर बल्ब सोडला. लाईट गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची. रत्नव्वा दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चुलीच्या खोलीत आणू नकोस, एवढं बघ."

एकच अंडं फुटलं.

हे १९९९ साल. दानेश्वरी तेव्हा तेवीस वर्षांची. सासरहून माघारी येऊन तिला वर्ष झालं होतं. सासर बेळगावकडं. काय झालं ते तिनं मलाही कधी सांगितलं नाही, आणि मी तिची शाळेपासूनची मैत्रीण. गावानं मात्र आपापलं सांगून टाकलं होतं. टाकलेली, असं तिला म्हणत. तोंडावर नाही. हळदीकुंकवाला बोलवत नसत. ब्लाऊज शिवायला तिच्याकडंच टाकत, पण पोरांच्या हातून पाठवून.

पिल्लू तिच्या मागं मागं फिरायचं. ती विहिरीला गेली की विहिरीला, मशीनवर बसली की पायाजवळ. तिनं त्याला वाळवी आणून घातली, शेंगदाण्याचा चुरा घातला. दुसरा मोर, दुसरी लांडोर त्यानं पाहिलीच नाही. बिबीजानच्या कोंबड्यांना ते घाबरायचं. रात्री आधी खोक्यात, मग दारावर, मग परसातल्या चिंचेवर. कोंडलं कधीच नाही. कुठंही जाऊ शकत होतं. गेलं नाही.

"त्याला कुणी सांगितलंच न्हाय की तो मोर हाय," ती हसून म्हणायची.

पहिली दोन वर्षं तो करड्या अंगाचा, लांब मानेचा होता. मग मान निळी झाली. तिसऱ्या वर्षी पिसं लांबली, पण त्यांवरचे डोळे थोडे. चौथ्या उन्हाळ्यात, २००३ च्या मे महिन्यात, पिसारा पुरता झाला. मी सुट्टीला घरी आले होते. मी तेव्हा कोल्हापुरात बी. ए. करून राजारामपुरीत एका क्लासमध्ये मराठी शिकवत होते. ब्लाऊज आणायच्या निमित्तानं तिच्याकडं गेले. तेव्हा ते पहिल्यांदा पाहिलं.

दानेश्वरी अंगण लोटत होती. मोर भिंतीवरून उतरला. तिच्याकडं पाठ केली. मला वाटलं, रुसलाय. मग पिसारा उठला. मागून तो सुंदर दिसत नाही. पांढरट काड्या दिसतात, आणि खाली आखूड करड्या पिसांचा पंखा, त्यावर पिसारा टेकवलेला. पंख खाली सोडून तो ते हलवत होता. तसाच उलटा, पाठमोरा तो तिच्याकडं सरकला. ती लोटायची थांबली. तो एकदम गर्रकन वळला, आणि सगळे डोळे तिच्या समोर आले.

मग सळसळ सुरू झाली. वाळल्या उसाच्या पाल्यातून वारा जावा तशी. अख्खा पिसारा थरथरत होता. त्यातले निळे डोळे मात्र जागच्या जागी टांगल्यासारखे वाटत होते. ती एक पाऊल मागं सरली, तर सळसळ कमी झाली. जवळ आली, तर वाढली.

"बघ," ती म्हणाली. "मी लांब गेले की नुसता उभारतो. जवळ आले की असं करतो."

"माझ्यासमोर?"

"जाऊन बघ."

मी गेले. त्यानं पिसारा मिटला आणि पाणी प्यायला गेला.

त्याच आठवड्यात वळवाचा एक मोठा पाऊस झाला. एवढंच घडलं. पण आधीची दोन वर्षं कोरडी गेली होती. विहिरीनं तळ दाखवला होता. गावात तिला दानव्वा म्हणत. दानव्वाचा मोर नाचला आणि पाऊस आला, असं गावात झालं. बायका पोरांना घेऊन बघायला येऊ लागल्या. येताना नारळ आणू लागल्या. मोर तिच्याचसमोर नाचतो, म्हणजे हिच्यात काहीतरी आहे. जोतीरामाची बायको, जी तिला पाहून पदर सावरून बाजूला व्हायची, ती स्वतः ब्लाऊजपीस घेऊन आली. बसली. चहा प्याली. त्या महिन्यात दानेश्वरीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. ती ते मला फोनवर सांगत होती. गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवरच्या बूथमधून. पैसे संपत आले तरी सांगत होती.

"आईला बरं वाटलं गं," ती म्हणाली. म्हणजे तिला बरं वाटलं होतं.

जून आला. ढग आले, गेले. जूनच्या शेवटीही पेरणी नव्हती. पाऊस लांबला की बसवण्णाच्या देवळात गाभाऱ्यात पाणी भरायची रीत आहे. पिंडी बुडेपर्यंत भरतात आणि दारं लावून घेतात. पण पाणी आणायचं कुठनं? तेव्हा सरपंच पिराजी रत्नव्वाच्या दारात आले.

"रत्नव्वा, पोरीला जरा देवळाफुडं घेऊन ये की. मोर तिच्यामागनं येतोच."

"येऊन काय करायचं?"

"काय न्हाय. नाचू दे की देवाफुडं."

दानेश्वरीला आवडलं नव्हतं. पण ती गेली. ती माघारी आली तेव्हा याच माणसानं तिच्या आईला, पोरीला सासरी घालवून ये, असं सुनावलं होतं. आता तोच दारात उभा राहून विनंती करत होता. ती रोज सकाळी देवळासमोर जाऊन उभी राहू लागली. मोर मागं यायचा. अंगणात पिसारा उघडायचा, पाठ करायचा, वळायचा, थरथरायचा. लोक हात जोडायचे. पाऊस यायचा नाही.

मग कुजबुज बदलली. पाऊस का येत नाही? मोर तर नाचतोय. मग जिच्यासमोर नाचतोय तिच्यातच खोट. नवऱ्याला सोडून आलेली. देवाला चालत नसेल. पदर सावरून बाजूला होणं परत सुरू झालं. एका सकाळी पिराजींनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "दानव्वा, खरं सांग. सासरी काय केलंतंस?"

ही गोष्ट मृत्युंजय सरांना कळली. गडहिंग्लजच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. मोरांचाच त्यांचा अभ्यास. पहाटे डोंगराच्या उतारावर दुर्बीण घेऊन बसायचे. दानेश्वरीकडं ते दोन-तीनदा येऊन गेले होते, मोराचे फोटो काढून गेले होते. माणूस सरळ. रविवारी ते मोटरसायकलवरून आले. मी त्या दिवशी तिथं होते. देवळासमोर गाव जमलं होतं. दानेश्वरी मधोमध, हिरव्या साडीत. समोर मोर, पिसारा उघडलेला.

सर कट्ट्यावर चढले.

"हा मोर पाऊस मागत नाही," ते म्हणाले. "कुठलाच मोर मागत नाही. तेव्हा या बाईला बोल लावू नका."

"मग नाचतोय कशाला?" कुणीतरी विचारलं.

सरांना प्रश्न आवडला. ते वर्गात सांगतात तसं सांगू लागले. आपण जिला शेपूट म्हणतो ती शेपूट नव्हे. ती पाठीवरची लांब वाढलेली पिसं. खरी शेपूट मागं, आखूड. तिचा टेकू देऊन तो पिसारा उभा करतो, आणि थरथरवतो. पावसाळ्यात किडे होतात, पिल्लांना खायला मिळतं, म्हणून विणीचा हंगाम तोच. ढग आणि मोर एकाच वेळी येतात. एकामुळं दुसरा येत नाही. हंगाम संपला की ही सगळी पिसं गळून पडतात, पुढच्या वर्षाला नवी येतात.

"म्हंजे नाचतोय कुणासाठी?"

"लांडोरीसाठी. मोर आपापली जागा धरून उभे राहतात. लांडोर येते, एकाला बघते, दुसऱ्याला बघते. कधी सगळ्यांना सोडून जाते. ती जवळ आली की मोर पिसं थरथरवतो. कुणाचा पिसारा भरला आहे, कुणात दम आहे, हे तिला त्यातून कळत असावं. इंग्लंडात मोजून बघितलंय. ज्याच्या पिसाऱ्यात डोळे जास्त, त्याच्याकडं लांडोरी जास्त गेल्या. पण ती नेमकं काय बघून ठरवते, हे अजून पुरतं कळलेलं नाही."

"आन् ते आसू?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. "लांडोर मोराचं आसू पिती म्हणत्यात."

"नाही हो, आजोबा. कोंबडा-कोंबडीचं असतं तसंच."

माणसं हसली. बायकांनी तोंडाला पदर लावले. सरांनाही हसू आलं. वर्ग हसला की शिक्षकाला बरं वाटतं.

मग मागून एक आवाज आला. "सर, सगळं बराबर हाय. पर हितं लांडोर कुठं हाय?"

मला वाटतं, त्याच क्षणी सरांना कळलं. पण ते खोटं बोलणारे नव्हते.

"हाताखाली वाढलेलं पिल्लू, वाढवणाऱ्यालाच आपल्यातलं समजतं," ते म्हणाले. "त्यानं दुसरं कुणी पाहिलंच नाही. त्यात तिचा काही दोष नाही."

सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या. दानेश्वरी जिथं होती तिथंच उभी होती. मोर तिच्यापासून हातभर अंतरावर होता. पिसारा सळसळत होता.

"म्हंजे आपली दानव्वा," कुणीतरी म्हणालं. वाक्य पुरं करायची गरज पडली नाही.

असं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. हसणारी माणसं वाईट नव्हती. त्यातल्या अर्ध्यांना मी मामा, काका म्हणत होते.

ती घरी निघाली. मोर मागं निघाला.

पाऊस चार दिवसांनी आला. आता त्याच्याशी मोराचा संबंध नव्हता. तिच्यावरचा दोष गेला. सरांनी तो खरोखर काढून टाकला. त्या जागी दुसरं काही आलं, ज्याला दोषही म्हणता येत नव्हतं. ती विहिरीवर गेली की उसातून पोरं मोरासारखी ओरडायची. चावडीवरची माणसं विचारायची, "आज नाचला का?" मोर तर तिच्यामागं विहिरीवर यायचाच, आणि बायकांच्या घोळक्यात, घागरींच्या मधोमध, तिच्यासमोर पिसारा उघडायचा. पूर्वी ह्याच बायका हात जोडायच्या.

जोतीरामाची बायको शिवायला टाकलेला ब्लाऊज न्यायला आली. तो अजून कापलाही नव्हता. "तसाच दे," ती म्हणाली. "आमचं मालक नको म्हणत्यात. तू वाईट वाटून घेऊ नगंस."

बिबीजान तेवढी यायची. "लोकांचं काय मनावर घेतेस, बेटी," म्हणायची. "माझ्या कोंबडीनं बसून उबवलं असतं शेवटपर्यंत, तर हे काहीच नसतं झालं." आणि स्वतःच डोळे पुसायची.

दानेश्वरीनं मोराला हाकलून बघितलं. काठी उगारली. पण काठी घेऊन ती त्याच्यापुढं मागं-पुढं करायची, आणि जवळ गेली की तो आणखी जोरात थरथरायचा. त्याला हाकलायचं म्हणजे त्याच्याजवळ जावं लागत होतं. सरांनी त्याला दूर डोंगरात सोडून यायचं सुचवलं. ती विचारायला गेली तेव्हा वनखात्याच्या माणसानं सांगितलं, मोराला हात लावायचा नाही, गुन्हा होतो. तो मोकळाच तर फिरतोय, मग सोडायचं काय?

शेवटी रत्नव्वा बोलली. "पिसं काढ त्याची. पिसंच न्हाईत म्हटल्यावर कसला नाचतोय."

पुढचं दानेश्वरीनं मला सांगितलं ते असं. सकाळी तिनं दाणे टाकले. तो हातातून खायचा, तसा आला. तिनं त्याला काखेत घेतलं. लहानपणी घ्यायची तसं. तो हलला नाही. ब्लाऊज कापायची कात्री होती. पिसं अंगाजवळून कापली, एकेक करून. काडी कापताना कट् असा आवाज व्हायचा. रक्त येत नाही, वाढ झालेल्या पिसात रक्त नसतं. त्याला दुखलं नाही, असं ती मला दोनदा म्हणाली. पिसांचा भारा तिनं चिंध्यांच्या त्याच खोक्यात भरला.

दुसऱ्या दिवशी ती अंगण लोटायला बाहेर आली. तो भिंतीवरून उतरला. तिच्याकडं पाठ केली. आखूड करडी शेपूट उभी राहिली. त्यापुढं कापलेल्या काड्यांचे बोटभर खुंट उभे राहिले. तो उलट्या पावलांनी तिच्याकडं सरकला, गर्रकन वळला, आणि ते खुंट थरथरवू लागला.

सळसळ नव्हती. काड्यांवर काड्या आपटल्याचा आवाज होता. एकही डोळा नव्हता. तो तेवढ्याच जोरानं थरथरत होता.

ती दुपारच्या गाडीनं कोल्हापूरला आली. मी क्लासवरून परतले तर खोलीच्या पायरीवर बसलेली. सोबत एक पिशवी, आणि पिशवीत कात्री.

"मशीन नंतर आणीन," ती म्हणाली.

मी चहा केला. तिनं वर लिहिलेलं सगळं सांगितलं, न रडता. मग विचारलं, "तुझ्या पुस्तकांत असतं की मोराचं पुष्कळ. त्यात कधी असं लिहितात का?"

मी नाही म्हणाले.

राजारामपुरीत चौथ्या गल्लीत लेडीज टेलरचं दुकान आहे, तिथं तिला काम मिळालं. हात चांगला. गिऱ्हाईकं तिलाच मागायची. पैठणीवरचे ब्लाऊज यायचे, काठाला मोर असलेले. ते ती शिवायची, काही न बोलता. गावाचं कुणी विचारलं तर गडहिंग्लज सांगायची. बसरकट्टी नाही. तिथं मानानं राहता आलं असतं तर ती आली नसती. हे तिनं एकदाच बोलून दाखवलं, सुई ओवताना.

पुढच्या वर्षी जूनमध्ये पिराजी सरपंच कोल्हापूरला कोर्टाच्या कामाला आले होते. रत्नव्वानं दिलेला तांदळाचा डबा घेऊन दुकानात आले. मी तिथं होते. टोपी हातात घेऊन स्टुलावर बसले. दुकानावरून नजर फिरवली.

"बरं हाय की दुकान."

"बरं हाय, मामा."

"चल की गावाकडं. आता कोण काय बोलत न्हाय. औंदा पाऊसबी वेळंवर झाला."

ती मशीन चालवत राहिली.

"त्याला पिसं आली का?"

"कवाच. गेल्या सालापरास थोरली."

"आन् डोंगराकडं जातो?"

"न्हाय गं. डोंगरातनं लांडोरी येत्यात की उसात. मृत्युंजय मास्तर दुर्बीण लावून बसत्यात. म्हणत्यात, बघतबी न्हाय तिकडं."

"मग नाचत न्हाय?"

पिराजींनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

"नाचतोय की. रोज सकाळी. तुझ्या दाराफुडं. तुझी आई दार लावून घेती, बघवत न्हाय म्हणती. बंद दाराफुडं पिसारा काढून उभारतो."

मशीन थांबलं. ती चाकावर हात ठेवून बसली. मला वाटलं, आता ती येते म्हणेल. पिराजींनाही वाटलं असावं. ते उठायच्या बेतात होते.

"अव्वाला म्हणावं दार उघडं ठेव," ती म्हणाली. "आत कुणी न्हाय, ते दिसू दे त्याला."

मग तिनं ब्लाऊजची बाही फिरवून घेतली, आणि पुन्हा पाय मारायला सुरुवात केली.